मदत हवी आहे: निवेदनाच्या संहितेत परिच्छेदागणिक भाव कसा लिहून द्यावा?

औसेकर:
किल्लारीच्या 1993च्या भूकंपावर छोटा माहितीपट करतोय. निवेदन सहा-एक मिनिटांचं आहे. आवाज देणारे काका अनुभवी आहेत. प्रत्येक परिच्छेदापुढे समासात मी भाव लिहून दिला होता: 'गंभीर', 'दुःखी', 'हळवं', 'आशादायी'. चाचणी रेकॉर्डिंग ऐकलं तर पहिल्या वाक्यापासून शोकसभा चालू! घरं का पडली ही निव्वळ माहिती, तीही रडवेल्या सुरात. येत्या गुरुवारी परत स्टुडिओ घेतलाय. काकांना समजेल असं नेमकं काय लिहून देऊ? दोन परिच्छेद खाली देतो.

पहिला: "एकोणतीस सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली."

तिसरा: "भिंती जाडजूड, दगडाच्या. पण दगडाला दगड धरून ठेवायला होती नुसती माती. आणि वर माळवदाचं ओझं."

झणझणीत:
सोपं आहे. प्रत्येक वाक्यावर 1 ते 10 आकडा टाका. 2 म्हणजे कोरडं, 9 म्हणजे गदगदून. काही शंकाच उरत नाही.

रात्रपाळी:
डबिंग आणि निवेदनाचं दिग्दर्शन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आकड्यांचा एक उपयोग आहे. परिच्छेदाला एक असा आकडा देऊन बघा, सगळीकडे 8-9च आले तर घोटाळा रेकॉर्डिंगच्या आधीच कळतो. पण वाक्यागणिक आकडे दिले तर माणूस आकडेच वाचत बसेल.

भावाचं नाव लिहिलं की कलाकार तो भाव आवाजात 'लावतो'. 'दुःखी' वाचलं की सूर खाली आणि शेवटचा शब्द लांब. त्याऐवजी तो कोणाशी बोलतोय आणि त्या क्षणी त्याला काय ठाऊक आहे, ते लिहा. तुमच्या पहिल्या परिच्छेदात प्रेक्षकाला भूकंप माहीत आहे, पण गावाला नाही. मी समासात असं लिहीन: "कालच्या विसर्जनाबद्दल शेजाऱ्याशी बोलताय. 'झोपलं'पर्यंत हलकं. मग पूर्ण थांबा. वेळ पंचनाम्यासारखी कोरडी. 'हलली'वर जोर नको."

तिसऱ्यापुढे: "एक गवंडी दुसऱ्याला पडकी भिंत दाखवतोय. जोर फक्त 'नुसती माती'वर. चीड चालेल, पण दाबून." रडू एकाच परिच्छेदासाठी राखून ठेवा. कुठल्या, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक. आधीच्या परिच्छेदाचा सूर पुढच्यात सांडतोच. दुसऱ्यात मृतांचा उल्लेख असेल तर तिसरा तिथेच बुडणार. म्हणून तिसरा सगळ्यात आधी रेकॉर्ड करून घ्या. मात्र माइकपासूनचं अंतर तेच राहू दे, नाहीतर जोड ऐकू येतो.

चिंचेचं_झाड:
आमच्या लेकीला कथाकथन स्पर्धेसाठी असंच लिहून दिलं होतं, ओळीतच कंसात. स्टेजवर तिने "मग राजा म्हणाला, थोडं थांबा, प्रधानजी" असं खणखणीत म्हटलं. परीक्षकांना ते राजाचंच वाक्य वाटलं, बक्षीस मिळालं 😄 बाय द वे, हातवारे कसे लिहून देतात?

रात्रपाळी:
हातवाऱ्यांचं मला माहीत नाही. पण तुमचा किस्सा इथे कामाचा आहे: सूचना समासात हवी. ओळीत फक्त खुणा, त्याही पेन्सिलीने. छोट्या श्वासाला एक तिरकी रेघ, पूर्ण थांबायला दोन. एका वाक्यात एकाच शब्दाखाली रेघ. आणि परिच्छेद पान उलटताना तुटू देऊ नका, कागदाची सळसळ माइकमध्ये येते.

खर्जातला:
मी आवाज देणाऱ्यांपैकी. शेजारी, गवंडी हे आवडलं, पण ताई, चार वाक्यांची सूचना उभ्या उभ्या कोण वाचणार? एकच ओळ द्या, बाकीचं आधी चहा घेताना तोंडी सांगा. आणि 'झोपलं'नंतरची शांतता मला कशाला मागता? ती एडिटर टाकेल.

रात्रपाळी:
एका ओळीचं मान्य. शांततेचं नाही. तुम्ही खरोखर थांबलात तर पुढचं वाक्य वेगळ्या श्वासावर उचललं जातं. एडिटर फक्त अंतर वाढवू शकतो.

खर्जातला:
थांबलं की मी तरी पुढचं वाक्य जास्तच 'पाडतो'. माणसागणिक फरक असणार.

औसेकर:
दोन्ही पद्धतींनी घेऊन बघतो. पण रेकॉर्डिंग जमलं की नाही, हे ओळखायचं कसं? दहादा ऐकल्यावर सगळंच बरं वाटायला लागतं.

रात्रपाळी:
अर्थाकडे लक्ष न देता फक्त वाक्यांचे शेवट ऐका. 'झोपलं', 'हलली', 'माती', 'ओझं' हे सगळे एकाच चालीत खाली उतरत असतील तर सूचना पोचली नाही.

औसेकर:
आत्ता जुनं रेकॉर्डिंग तसं ऐकलं. चारही एकाच चालीत. शेवटच्या परिच्छेदात पुनर्वसन झालेलं नवं गाव आहे, रुंद रस्ते वगैरे. तिथे मी 'आशादायी' लिहिलं होतं. तिथे ऐकणारा कोण धरू?

रात्रपाळी:
भूकंपानंतर जन्मलेला मुलगा, की अजून छताखाली झोपायला घाबरणारी आजी? दोघांना तेच रस्ते वेगळ्या आवाजात सांगावे लागतील.

औसेकर:
माहितीपटात दोघंही आहेत. गुरुवारच्या आत ठरवावं लागेल.