मेनूकार्डावरचं ‘आकारानुसार’

पानवेल: एका मालवणी खानावळीच्या मेनूकार्डाचा फोटो समोर आहे. डावीकडे देवनागरी, मधे रोमन, उजवीकडे दराचा वेगळा रकाना. पापलेट, सुरमई आणि हलव्यासमोर आकड्याऐवजी APS, म्हणजे As Per Size, खाली ‘आकारानुसार’. गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘लावतील तेवढा आकार’ असा घेतं. दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती: मुळातच चूक. आकार म्हणजे घाट. साइझला ‘आकारमान’. म्हणून ‘आकारमानानुसार’.

दप्तरदार: शुद्धमतीताई, घाटामुळे कोणी अडलेलं नाही. वीजबिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ असतो, सातबाऱ्यावर जमिनीचा आकार रुपयांतच लिहितात. पैशांच्या रकान्यात ‘आकार’ दिसला की मराठी माणूस आकारणीच वाचणार. हाच शब्द नावाच्या रकान्यात, ‘मोठ्या आकाराचं पापलेट’ असा असता तर खटकला नसता. शिवाय ‘आकारमानानुसार’ अरुंद रकान्यात मावत नाही. शब्द दुसऱ्या ओळीत उतरतो, पुढचा दर एक ओळ खाली सरकतो आणि बांगड्याचे पैसे भलत्याच माशासमोर दिसतात.

गल्लेवाला: सरळ ‘बाजारभावाने’ लिहा. आम्ही तेच लिहितो.

दप्तरदार: ते वेगळं. बाजारभाव रोज हलतो. इथे भाव ठरलेला असू शकतो, मासा लहानमोठा असतो. समजा १०० ग्रॅमला १८० रुपये धरले, तर २५० ग्रॅमचं पापलेट ४५०चं, ४०० ग्रॅमचं ७२०चं. तोलून देत असाल तर ‘वजनाप्रमाणे’ लिहा, पण वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे नावाखाली हवंच. डोकं, पोट गेलं की मासा हलका होतो आणि भांडण तिथेच लागतं. ट्रे दाखवून नुसत्या नजरेने दर सांगत असाल, तर ‘नग पाहून’.

शुद्धमती: ‘नग’ नको. ‘नगण्य’मधला नग तो, तुच्छ.

दप्तरदार: नगण्य म्हणजे न + गण्य. त्यात नग नाही.

रसवंती: पण हलव्याला वजन कशाला? गाजराचा हलवा वाटीवर देतात ना?

पानवेल: अहो, मासा आहे तो!

रसवंती: मग रोमनमध्ये नुसतं Halwa Fry का लिहिलंय? परगावच्या माणसाने काय समजायचं?

गल्लेवाला: तिथे Black Pomfret टाका. मधल्या रकान्यात मराठी नाव नुसतं रोमनमध्ये उतरवून भागत नाही.

शुद्धमती: पण हलवा पापलेटच्या कुळातला नाहीच. एक चूक काढून दुसरी घालताय.

गल्लेवाला: बाजारात तेच नाव चालतं, ताई. मत्स्यशास्त्र ताटात नको.

खाडीकाठ: ‘हलवा’ लिहिताच कशाला? सरंगा म्हणा, प्रश्न मिटला.

गल्लेवाला: सरंगा म्हणजे पापलेट.

खाडीकाठ: कुठे? आमच्याकडे सरंगा म्हणून पापलेट दिलंत तर गिऱ्हाईक ताट परत करील.

पानवेल: कार्ड उद्या छपाईला जातंय. ‘वजनाप्रमाणे’ की ‘नग पाहून’?

खाडीकाठ: आधी सरंग्याचं ठरू दे.