०.१७ चा सहसंबंध ०.३० करून लिहावा का?

निशिगंध: प्रबंधासाठी १५० जणांची २४ तासांची लघवी एकदाच गोळा करून सोडियम मोजलं, त्याच दिवशी बीपीही घेतलं. दोन्हींचा सहसंबंध ०.१७ आला. त्यातल्या ३० जणांची दोन्ही मोजमापं महिन्याने पुन्हा घेतली. पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या सोडियममधला सहसंबंध ०.४०, बीपीचा ०.८०. गाईड म्हणतात, सुधारणा लावून ०.३० लिही. मला हे आकडा फुगवणं वाटतं. तुमचं मत काय?

रोखठोक: फुगवणंच आहे. मोजलं ते लिहा. चुका कधी वर जातात, कधी खाली. १५० च्या जागी १५०० माणसं घ्या, आपोआप फिटंफाट होईल.

आकडेमोड्या: सरासरी काढायची असती तर रोखठोक यांचं बरोबर होतं. सहसंबंधात तसं होत नाही. काल लग्नाचं जेवण झालं म्हणून एखाद्याचं सोडियम जास्त येतं, दुसऱ्याचा उपास म्हणून कमी. हा रोजचा चढउतार माणसामाणसांतला फरक वाढवतो, पण त्या वाढीव फरकाचा बीपीशी संबंध नसतो. म्हणून सहसंबंध आकसतो. १५०० माणसं घेतलीत तर चुकीच्या, आकसलेल्या आकड्याभोवतीच अधिक खात्रीने पोचाल.

मोजमापांतल्या चढउतारामुळे आकसलेला सहसंबंध भरून काढायचा संख्याशास्त्रज्ञ स्पिअरमनने १९०४ मध्ये दिलेला हिशेब तोच गाईड सांगताहेत: ०.१७ ÷ √(०.४० × ०.८०) = ०.३०. मिठाची नेहमीची सवय आणि नेहमीचं बीपी यांचा संबंध हवा असेल, तर ०.१७ हा त्या प्रश्नाचं उत्तरच नाही.

शाळामास्तर: आमच्याकडे अंतर्गत गुण आणि वार्षिक परीक्षेचे गुण अजिबात जुळत नाहीत. अंतर्गत गुण सगळ्यांनाच २० पैकी १८-१९. तिथेही हे सूत्र लावू का?

आकडेमोड्या: मास्तर, तुमच्याकडे मुलांमध्ये फरकच उरलेला नाही, ते दुखणं वेगळं. सूत्राने हे बरं होणार नाही.

डॉ_मीठभाकर: गाईडचं म्हणणं तत्त्वतः पटतं, पण या माहितीवर मी ०.३० छातीठोकपणे लिहिणार नाही. कारण ते ०.४० फक्त ३० जणांवरून आलंय. त्याचं ९५ टक्के विश्वासांतर काढा: साधारण ०.०५ ते ०.६६. बीपीचं ०.८० पक्कं धरलं तरी खालच्या टोकाला सुधारित सहसंबंध ०.८५ येतो, वरच्या टोकाला ०.२३. भाजकच इतका डळमळीत! शिवाय तुमचं ०.१७ सुद्धा ०.०१ ते ०.३२ मध्ये कुठेही असू शकतं. भागाकाराने ही अनिश्चितता कमी होत नाही, तीही तेवढ्याच पटीने ताणली जाते. स्पिअरमनवर कार्ल पिअर्सन तुटून पडला तो याचसाठी: काही सुधारित सहसंबंध १ च्या वर जात होते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. सोडियम आणि बीपी एकाच दिवशी मोजलंय. सूत्र धरून चालतं की दोन्हींतल्या चुकांचा एकमेकींशी संबंध नाही. पण त्या दिवशीच्या जास्त मिठाने त्याच दिवशीचं बीपी थोडं चढलं असेल, तर ०.१७ मध्ये तो वाटा आधीच आलाय, आणि सुधारणा त्यालाही फुगवेल.

मीठ आणि बीपीवरच्या इंटरसॉल्ट या मोठ्या अभ्यासात अगदी हाच वाद झाला. १९८८ चा अभ्यास, ५२ केंद्रं, १०,०७९ माणसं, प्रत्येकाची लघवी एकदा आणि सुमारे ८ टक्के लोकांची पुन्हा. १९९६ मध्ये त्यांनी सुधारित आकडे पुन्हा मांडले, तेव्हा डेव्ही स्मिथ आणि फिलिप्स यांनी याच गृहीतकावर बोट ठेवलं.

रोखठोक: म्हणजे मीच बरोबर. कच्चा आकडा लिहा, विषय संपला.

आकडेमोड्या: कच्चा आकडा लिहिणं म्हणजे मोजमापांची विश्वासार्हता १ आहे, दोन्ही वेळचे आकडे तंतोतंत जुळतात, असं गृहीत धरणं. ते तर नक्कीच खोटं आहे. डॉक्टरांचा एकाच दिवसाचा मुद्दा मात्र मान्य.

निशिगंध: मग आता करू काय? सबमिशनला वेळ आहे, पैसे बेताचे आहेत.

डॉ_मीठभाकर: नवीन माणसं शोधू नका, आहेत त्यांतल्या जमतील तेवढ्यांची लघवी आणखी तीन वेळा घ्या, काही आठवड्यांच्या अंतराने. एका दिवसाची विश्वासार्हता खरोखर ०.४० असेल, तर चार दिवसांच्या सरासरीची ०.७३ होते, आणि सूत्राने भरून काढायची तूटच कमी उरते. बीपी लघवीच्या दिवशी न घेता वेगळ्या दिवशी घ्या. आणि हो, प्रत्येक नमुन्यात क्रिएटिनिन तपासा, लघवी पूर्ण गोळा झाली का याचा अंदाज त्यावरून येतो. अर्धीच लघवी डब्यात आली असेल तर तो रोजचा चढउतार नव्हे, ते निव्वळ खोटं कमी सोडियम. तो नमुना वेगळा काढा.

प्रबंधात ०.१७ आणि सुधारित आकडा, दोन्ही त्यांच्या अंतरांसह द्या.

आकडेमोड्या: सहमत, एक सोडून. बीपी वेगळ्या दिवशी घेतलं तरी ऋतूचं काय? उन्हाळ्यात घामाने लघवीतलं सोडियम घटतं आणि बीपीही उतरतं. आठवड्याचं अंतर त्याला पुरेल?

डॉ_मीठभाकर: नाही पुरणार. वर्षभर पसरवलं तरच, आणि तेवढा वेळ निशिगंधकडे नाही.