मदत हवी आहे: गोटी एक्स्टेन्शनवरून निघत नाहीये

घाईत_आहे
काल चाकाचे नट सोडवले आणि आता १९ ची गोटी, म्हणजे नट खोलायचं सॉकेट, एक्स्टेन्शनच्या दांडीवरून निघतच नाहीये. ओढून पाहिली, पक्कडीत धरून पिळली, जमिनीवर आपटली. काही उपयोग नाही. बहुतेक एक्स्टेन्शनच्या चौकोनी टोकातला, गोटी धरून ठेवणारा छर्रा अडकलाय. गाडी जॅकवर उभी आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा.

निवांत
गोटीत नट अडकला असेल तर मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून हातोडीने ठोका. माझा असाच निघाला होता.

घाईत_आहे
नट नाही हो. गोटी रिकामी आहे. गोटी *एक्स्टेन्शनवर* अडकली आहे.

निवांत
अच्छा, मला वाटलं गोटी म्हणजे छर्राच. मग मागून बोल्ट घालता येणार नाही, बरोबर.

गंजकाका
हा गंज आहे, दुसरं काही नाही. तेल मारा आणि रात्रभर ठेवा. माझा उपाय म्हणजे गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. बाजारातला कुठलाही स्प्रे त्याच्या जवळपास येत नाही.

पाना_पक्कड
धागाकर्ते, माहिती फारच कमी दिलीत. तीन गोष्टी सांगा. चौकोन अर्धा इंची आहे का? गोटी चकचकीत आहे की काळी, इम्पॅक्टची? आणि मुख्य म्हणजे ओढल्यावर ती अजिबात हलत नाही, की थोडी हलून टक्कन थांबते?

घाईत_आहे
अर्धा इंची. गोटी काळी, एक्स्टेन्शन चकचकीत, वेगळ्या सेटमधलं. हलण्याचा काय संबंध? ती निघत नाहीये एवढंच.

पाना_पक्कड
सगळा संबंध त्याचाच आहे. गोटी केसभरही हलत नसेल तर गंज आहे, किंवा जोर लावताना चौकोनाचे कोपरे गोटीत रुतलेत. अशा वेळी गंजकाकांचं तेल चालेल. पण मागे-पुढे हलते आणि दर वेळी एकाच जागी थांबते, असं असेल तर गंज नाही, छर्रा धरून बसलाय. तिथे रात्रभर तेलात ठेवून फार काही होणार नाही.

घाईत_आहे
आत्ता पाहिलं. एक-दीड मिमी हलते आणि टक्कन थांबते.

गंजकाका
छर्रा धरून बसतो तोही गंजामुळेच. तेल मारल्याने नुकसान तर नाही ना?

पाना_पक्कड
नुकसान नाही, पण दर वेळी कारण गंजच असतो असंही नाही. छर्रा मागच्या स्प्रिंगवर बसतो आणि चौकोनातल्या भोकाच्या आत दाबलेल्या कडा त्याला बाहेर पडू देत नाहीत. त्याचा अर्ध्याहून कमी भाग बाहेर असतो, म्हणून गोटी ओढली की तिची कड छर्र्याच्या उतारावर चढते आणि तो आत जातो. कडा झिजल्या की छर्रा अर्ध्याहून जास्त बाहेर येतो. मग गोटीची कड त्याच्या पोटावर किंवा पोटाखाली लागते. तुम्ही जितकं ओढाल तितकी कड त्याला आडवी अडवणार, आत ढकलणार नाही.

चकचकीत गोट्यांमध्ये बहुतेक वेळा उथळ खळगे असतात, त्यामुळे छर्र्याला फार बाहेर यायला जागाच नसते. काळ्या गोटीला मात्र बहुधा आरपार भोक असतं. धागाकर्ते, गोटीच्या मागच्या टोकाजवळ बाहेरून भोक दिसतंय का?

घाईत_आहे
नाही. चारी बाजू पाहिल्या, सगळं सपाट काळं.

तापट
गॅसच्या टॉर्चने गोटी तापवा. लोखंड फुगतं, एका मिनिटात सुटेल.

पाना_पक्कड
अजिबात नको. फुगल्याने मिळणारी जागा छर्र्याच्या अडकण्यापुढे काहीच नाही. वर स्प्रिंग मऊ पडेल आणि गोटीची कडकपणाची प्रक्रिया बिघडेल. शिवाय गंजकाकांचं ॲसिटोन आधी मारलं असेल तर भडका उडेल तो वेगळाच.

तापट
वीस वर्षं तापवतोय, अजून एकही गोटी फुटली नाही.

गंजकाका
माझं मिश्रण बदनाम करू नका. तापवायचं नाही हे मी दर वेळी सांगतो. (या धाग्यात सांगायचं राहिलं.)

पाना_पक्कड
धागाकर्ते, मागच्या टोकाभोवतीची खाच फडक्याने घासा, मग तारेने खरवडा. तिथे वाळलेलं ग्रीस आणि ब्रेकची धूळ बसून भोक बुजलेलं असतं.

घाईत_आहे
सापडलं! एका बाजूला भोक आहे, आत काळा मळ होता. तो काढल्यावर खाली चकाकणारा छर्रा दिसला. खिळ्याने दाबतोय आणि मित्र गोटी ओढतोय, पण तो आत जात नाही. खिळाच घसरतोय.

पाना_पक्कड
दोन चुका होताहेत. टोकदार खिळा गोल छर्र्यावर घसरणारच. भोकातून सहज जाईल असा, साधारण ३ मिमीचा सपाट टोकाचा पंच घ्या, किंवा खिळ्याचं टोक कापून कानशीने सपाट करा. दुसरी चूक म्हणजे तुम्ही ओढता-ओढता दाबताय. ओढ असताना छर्रा गोटीच्या कडेवर चिकटतो आणि आत सरकत नाही. आधी गोटी उलट, म्हणजे एक्स्टेन्शनवर पुरती आत ढकला. तिथेच धरून छर्रा दाबा. तो स्प्रिंगसारखा लवला पाहिजे. लवला की दाब सोडू नका आणि मगच ओढा.

लवलाच नाही तर छर्र्याच्या मागे मळ आहे. भोकातून तेलाचे दोन-चार थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा आणि पंचावर हलकेच टकटक करा. जोरात मारू नका.

वाइसवाला
एवढा खटाटोप कशाला? वाइसचे जबडे एक्स्टेन्शनच्या जाडीएवढे उघडा, गोटी वर टेकवा, एक्स्टेन्शन खाली लोंबू द्या. गोटीच्या तोंडातून जाड पंच घालून चौकोनाच्या टोकावर हातोडी मारा. विषय संपला.

पाना_पक्कड
कोपरे रुतले असतील तर हाच उत्तम उपाय आहे. छर्रा पोटाखाली अडकलेला असताना मारलंत तर छर्रा तरी फुटेल, नाहीतर गोटीला आतून चर पडेल. आणि रॅचेटवर तर हे करूच नका, सगळा मार डोक्यातल्या रिंगवर आणि पट्टीवर जातो.

खटपट्या
माझी गोटी रॅचेटवरच अडकलीये, मागे बटण आहे. बटण दाबलं की अर्धवट जातं. हातोडी मारू का?

पाना_पक्कड
नको, आतली दांडी वाकेल. तिथेही क्रम तोच. गोटी आत ढकला, बटणाच्या भोवती तेल सोडा, अंगठ्याने बटण दाबा-सोडा असं वीसेक वेळा करा. पूर्ण आत गेलं की छर्र्याला मागे सरकायला जागा मिळते, मग ओढा.

घाईत_आहे
निघाली! पहिल्यांदा लवला नाही. तेल घालून सात-आठ वेळा टकटक केल्यावर टिक् आवाज आला. मग गोटी आत ढकलून छर्रा दाबला आणि ती हाताने निघाली. आता पाहतोय तर छर्रा खरंच अर्ध्यापेक्षा जास्त बाहेर आहे, बोटाने गोल फिरतो. हे एक्स्टेन्शन वापरू की टाकू?

वाइसवाला
छर्र्याचा वरचा भाग कानशीने थोडा घासा, वर्षानुवर्षं चालेल.

पाना_पक्कड
छर्रा कानशीला दाद देत नाही आणि घासताना गोल फिरतो, ते सोडून द्या. भोकाची कड गोल पंचाने पुन्हा आत दाबतात, पण कडक स्टीलवर ती किती टिकेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. चकचकीत गोट्यांसाठी वापरा. भोकवाल्या गोटीत घालायची वेळ आलीच तर चौकोन फिरवून छर्रा बिनभोकाच्या बाजूला ठेवा.

तापट
कड तापवून दाबली की टिकते.

निवांत
गाडी अजून जॅकवरच आहे का? गाडीखाली स्टँड लावलाय ना?

घाईत_आहे
स्टँड नाही. लावतो.