मदत हवी आहे: नाइट ऑडिटमध्ये गल्ल्यात २,७०० कमी आणि एक खोली जास्त

रात्रपाळीकर
नमस्कार मंडळी. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये दोन वर्षं काढलीत, पण नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशेब जुळवायला, बसायला लागून जेमतेम तीन आठवडे झालेत. काल रात्री पहिल्यांदाच हिशेब अडकला आणि पहाटे चारपर्यंत डोकं धरून बसलो होतो.

सिस्टमप्रमाणे दिवसभरात रोख जमा ४१,३००. गल्ला दोनदा मोजला, ४३,६०० भरले. त्यातला सुट्ट्यांसाठीचा कायमचा फ्लोट ५,००० वजा केला की उरतात ३८,६००. म्हणजे २,७०० कमी. कार्ड मशीनचा बॅच सिस्टमशी जुळला, रेस्टॉरंटची बिलंही जुळली. गेस्ट लेजरचा, म्हणजे सगळ्या पाहुण्यांच्या खात्यांचा, ताळा बरोबर आहे: कालची बाकी, अधिक आजचे चार्जेस, वजा आजची जमा, आणि येणारी बाकी रिपोर्टशी तंतोतंत जुळते. मग रोख कमी कशी?

दुसरं म्हणजे हाउसकीपिंगच्या संध्याकाळच्या शीटवर ३० खोल्या भरलेल्या आहेत, सिस्टम म्हणते ३१. हे बहुधा त्यांच्या मोजणीत चुकलं असेल, त्याचं एवढं नाही. शेवटी रूम पोस्टिंग केलं, म्हणजे खोल्यांचं भाडं पाहुण्यांच्या खात्यांवर टाकलं, फरकाची नोंद केली आणि दिवस क्लोज केला. सकाळी मॅनेजर म्हणाले, दुपारच्या शिफ्टच्या मुलाकडून भरून घ्या. तो बिचारा रडकुंडीला आलाय. कुठे शोधू?

आकडेमोड
२,७०० ला ९ ने भाग जातो ना? मग आकड्यांची अदलाबदल झालीय, डोळे झाकून सांगतो. ३,६०० घेतले आणि ६,३०० पंच केले, फरक बरोबर २,७००. पावत्यांचा गठ्ठा काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

रात्रपाळीकर
तेच आधी केलं. रोख जमेची यादी छापली आणि एकेक कागद टिक केला. सगळे आकडे जुळतात, ६,३०० किंवा ३,६०० अशी रक्कमच नाही. म्हणून तर वैतागलोय.

प्रवासी पक्षी
आमच्याकडे कार्डाचा असाच घोळ झाला होता. मशीनचा बॅच रात्री अकराला आपोआप बंद होतो आणि अकरा चाळीसला एका पाहुण्याने कार्ड स्वाइप केलं. ते पैसे मशीनवर दुसऱ्या दिवसात गेले, सिस्टममध्ये मात्र आदल्याच दिवसात, कारण हॉटेलची तारीख बाराच्या ठोक्याला बदलत नाही, ऑडिट झाल्यावर बदलते. तुमच्या मशीनचा बॅच किती वाजता बंद होतो ते बघा.

रात्रपाळीकर
धन्यवाद, पण कार्ड जुळलंय. प्रश्न रोखीचा आहे.

बाकी शून्य
अकरा वर्षं रात्रीच काढल्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आकडेमोड यांची नऊची युक्ती खरी आहे, पण नऊने भाग जाणारा प्रत्येक फरक अदलाबदलीचाच असतो असं नाही. अशा वेळी फरकाचं अर्धं करूनही बघायचं. २,७०० चं अर्धं १,३५०. तुमच्या यादीत १,३५० ची नोंद आहे का? असेल तर तो कागद पुन्हा हातात घ्या आणि या वेळी रक्कम बघू नका, पैसे आले की गेले ते बघा. परतावा दिला आणि चुकून जमा म्हणून पोस्ट केला, तर सिस्टम १,३५० ने खाली यायच्या ऐवजी १,३५० ने वर जाते. गल्ल्याशी फरक दुप्पट.

लेजरचा ताळा बरोबर येतो यात नवल काही नाही. चुकीची जमा पाहुण्याच्या खात्यात, म्हणजे फोलिओतही गेली आणि रोख यादीतही, म्हणजे सिस्टम स्वतःचीच चूक दोन्हीकडे दाखवते. सिस्टमच्या बाहेरच्या तीनच गोष्टी तिला खोटं पाडू शकतात: मोजलेला गल्ला, सही असलेला कागद आणि हाउसकीपिंगने दार उघडून पाहिलेली खोली.

म्हणूनच ती ३१वी खोली ‘एवढं नाही’ म्हणून सोडू नका. कुठली आहे ती? आणि काल जायचे होते पण सिस्टममध्ये गेलेच नाहीत, असं कोणी होतं का?

रात्रपाळीकर
ताई, अंगावर काटा आला. यादीत १,३५० आहे, खोली २१४. कागद काढला तर तो रिफंड व्हाउचर निघाला, पाहुण्याच्या सहीचा. उरलेली आगाऊ रक्कम परत दिलीय. पावत्यांच्याच गठ्ठ्यात स्टेपल केलेला होता. यादीत १,३५०, कागदावर १,३५०, म्हणून मी टिक करून पुढे गेलो.

आणि आता कबुली. २१४ काल जाणार होती. चेकआउट झाल्याशिवाय सिस्टम दिवस क्लोज करू देईना. मला वाटलं पाहुणे अजून आहेत, म्हणून मीच त्यांचा मुक्काम एक दिवस वाढवला. हाउसकीपिंगच्या शीटवर २१४ रिकामी आहे.

बाकी शून्य
झालं, दोन्ही एकच गोष्ट. पाहुणा दुपारीच गेला. परतावा जमेत पडला, फोलिओ शून्य होईना, त्यामुळे चेकआउटही होईना. मुलाने नंतर बघू म्हणून सोडून दिलं. फोलिओत जमा बाकी १,३५० ची २,७०० झाली असणार. आता तिथे किती दिसते?

रात्रपाळीकर
फक्त १८० जमा! भाडं २,४०० आणि टॅक्स १२० रात्री पोस्ट झाला ना. म्हणून मोठ्या बाकीच्या रिपोर्टमध्येही ही खोली दिसली नाही.

बाकी शून्य
दिवस क्लोज झाल्यावर नोंद खोडता येत नाही, खोडायचा प्रयत्नही करू नका. आजच्या तारखेला आधी भाड्याची आणि टॅक्सची सूट टाका, कारण लिहून आणि मॅनेजरची सही घेऊन. फोलिओ पुन्हा २,७०० जमेवर येईल. मग चुकीची १,३५० ची जमा उलटवा आणि १,३५० चा परतावा खरा परतावा म्हणून पोस्ट करा. शून्य आलं की चेकआउट करा.

एक लक्षात ठेवा, आज रात्री गल्ला २,७०० ने जास्त दिसेल, कारण आजच्या दोन्ही नोंदींमागे प्रत्यक्ष रोख हललेली नाही. ते कालच्या तुटीला कापतं. दोन्ही दिवसांच्या रिपोर्टवर एकमेकांचा संदर्भ लिहा. त्या मुलाने पैसे भरले असतील तर आजच परत करा, नाहीतर तेही जास्तीत जातील आणि तिसरा घोळ होईल.

आकडेमोड
अर्ध्याची युक्ती मला माहीत नव्हती, वहीत लिहून ठेवली. पण टॅक्सचं काय? सूट नुसती फोलिओत टाकून चालेल?

बाकी शून्य
त्या रात्रीचं बिल निघालेलं नसेल तर फारसा प्रश्न येऊ नये. निघालं असेल तर अकाउंट्सला विचारल्याशिवाय हात लावू नका.

रात्रपाळीकर
बिल निघालेलं नाही. व्हाउचर आणि फोलिओ मॅनेजरना दाखवले, मुलाकडून काही घेतलेलं नाही. पण कालच्या रिपोर्टमध्ये ३१ खोल्या आणि २,४०० जादा उत्पन्न वरपर्यंत मेल झालंय. ते म्हणतात, आज सूट दिसेलच, वेगळं कळवायची गरज नाही. मला ते पटत नाही, कारण आजच्या सूटने खोल्यांचा कालचा आकडा काही बदलत नाही. तुमच्याकडे काय करतात?

प्रवासी पक्षी
आमच्याकडे कळवत नाहीत.

बाकी शून्य
मी कळवते. दोन ओळींचा मेल, खोली क्रमांक आणि फोलिओची प्रत जोडून. त्यावर आमच्याकडेही दरवेळी वाद होतोच.