सी-टाइप इअरफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच येतो. मदत हवी आहे

निशिगंधा
फोनला गोल जॅक नाही. माझ्याकडे दोन वस्तू आहेत. एक म्हणजे जुन्या फोनच्या खोक्यात आलेला सी-टाइपचा छोटा अडॅप्टर, त्याला साधा इअरफोन लागतो. दुसरी म्हणजे नवीन घेतलेला थेट सी-टाइप इअरफोन. दोन्ही मुके. अडॅप्टर लावला की स्क्रीनवर `Analog audio accessory detected` असं येतं, इअरफोन लावला तर काहीच येत नाही. चार्जिंग मात्र व्यवस्थित होतं, म्हणजे पोर्ट ठीक असणार ना? जुन्या फोनवर हाच अडॅप्टर झकास चालायचा.

फुलचार्ज
सी-टाइप सगळं सारखंच असतं हो. सेटिंगमध्ये ओटीजी बंद असेल, ते चालू करा. माझ्या फोनवर ते थोडा वेळ वापरलं नाही की आपोआप बंद होतं. मीही असाच वैतागलो होतो.

सोल्डरगन
फुलचार्ज, ओटीजीचं बरोबर आहे, पण अर्ध्याच गोष्टीला लागू पडतं. 'सगळं सारखंच' हे मात्र नाही.

निशिगंधाताई, तुमच्या दोन वस्तूंचे आजार वेगळे आहेत. अडॅप्टर अॅनालॉग आहे, म्हणजे त्याच्या पोटात नुसत्या तारा. आवाज तयार करायचं काम फोनने करायचं आणि तो सी-पोर्टच्या डेटा पिनांवरून बाहेर सोडायचा. ही सोय काही फोनांत होती, उदाहरणार्थ २०१७च्या शाओमी मी ६ मध्ये. पिक्सेल किंवा गॅलेक्सी नोट १० सारख्या फोनांत ती नाही, त्यांना डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचा आवाज करणारी चिप, पोटात असलेला डिजिटल अडॅप्टरच लागतो. तुमचा फोन तो संदेश देऊन हेच सांगतोय: ओळखलं, पण चालवता येणार नाही. इथे सेटिंग बदलून उपयोग नाही.

इअरफोनवर संदेशच येत नाही, म्हणजे फोनला तो दिसतच नसावा. आधी तो सी-पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावा. आवाजाच्या यादीत नवीन नाव आलं तर इअरफोन डिजिटल आहे आणि धडधाकट आहे.

तंबोरा
माझा आयफोनवाला सी अडॅप्टर अँड्रॉइडवर चालतो, पण आवाज फारच बारीक. त्यावर काय उपाय?

सोल्डरगन
तंबोरा, त्या अडॅप्टरची ती जुनी खोड आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याच्या आतला आवाज कमी पातळीवरच राहतो. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

निशिगंधा
भाच्याच्या लॅपटॉपवर इअरफोन लगेच वाजला. ओटीजी चालू करून पाहिलं, तरी फोनवर शांतताच.

सोल्डरगन
मग फोनकडे वळू. डेव्हलपर ऑप्शन्स कधी उघडले असतील तर `Disable USB audio routing` बंद आहे ना, तेवढं बघा. नंतर टॉर्च मारून पोर्टमध्ये डोकवा. प्लग टक्कन बसतो का? धातूची कड बाहेर दिसत राहते का? चार्जिंग होतंय म्हणून पोर्ट चांगलं असं समजू नका. विजेसाठी चार पिना एकाच कामाला असतात, एखाददुसरी नीट टेकली नाही तरी भागतं. डेटाच्या पिनांना तशी सवलत नाही. तळाशी खिशातला मळ दाबून बसला की प्लग केसभर वर राहतो आणि संबंध तुटतो.

निशिगंधा
कड दिसतेय! टाचणीने काढू का?

सोल्डरगन
टाचणी नको, पिना शॉर्ट होतील. फोन बंद करा, लाकडी टूथपिक पातळ तासा आणि मधल्या जिभेला न खरवडता तिच्या दोन्ही बाजूंनी तळातला मळ हळूच ओढून काढा. तोंडाने फुंकू नका, वाफ जाते.

निशिगंधा
बाप रे, राखाडी कापसाची चकती निघाली, नखाएवढी! आता प्लग टक्कन बसतो आणि इअरफोन वाजतोय. पण एकाच बाजूने. उलटा केला की पुन्हा मुका.

फुलचार्ज
म्हणजे इअरफोन स्वस्तातला. बदलून घ्या.

सोल्डरगन
नाही. इअरफोनच्या प्लगवर डेटाच्या पिना एकाच अंगाला असतात, सुलटा लावा की उलटा, त्याच वापरल्या जातात. फोनच्या जिभेवर मात्र दोन्ही अंगांना असतात. म्हणून संशय फोनच्या एका अंगावर. अजून मळ असेल किंवा पिन झिजली असेल, फोटोवरून सांगता येणार नाही. फाइल पाठवता येणारी केबल दोन्ही बाजूंनी लावून बघा. त्याच बाजूला तीही अडली तर दुकानात पोर्ट दाखवा. काही फोनांत ते वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं, तेव्हा काम स्वस्तात होतं.

निशिगंधा
घरात आहे ती केबल नुसती चार्जिंगची आहे. भाच्याकडून दुसरी मागवते. आणि डॅकवाला अडॅप्टर घेताना खोक्यावर काय बघायचं, तेही सांगून ठेवा.