मदत हवी आहे: रुळांवरच्या दांडीचं गणित, डावा हात की उजवा?

औसा_बारावी
लातूरला बारावीला आहे, बोर्डासोबत सीईटी पण द्यायचीय. एकाच गणितावर दोन दिवस झाले डोकं फुटायलंय. दोन आडवे रूळ, अंतर 0.2 मीटर, डाव्या टोकाला 2 ओहमचा रेझिस्टर, रुळांवर उभी दांडी ठेवलीय आणि ती 4 मीटर प्रति सेकंदानं उजवीकडं ओढायची. चुंबकीय क्षेत्र 0.5 टेस्ला, कागदाच्या आत जाणारं. आकडे बरोबर येतात, पण करंटची दिशा मला दरवेळी घड्याळाच्या काट्यासारखी येते आणि उत्तरात उलटी दिलीय. उत्तर चुकलंय का मी?

बोअरवाला
भावा आमच्या बोअरची थ्री फेज मोटार पण उलटीच फिरायली काल केबल जोडल्यापासून, पाणी अगदीच कमी. त्याला कोणता हात लावायचा?

गोदाकाठची
काका, त्याला हात नका लावू 😄 मेन बंद करा आणि वायरमनकडून तीनपैकी कुठल्याबी दोन फेज अदलाबदल करून घ्या. @औसा_बारावी, जनरेटरला उजवा हात, मोटारला डावा. इथं आपण दांडी ओढायलो म्हणजे जनरेटर, उजवा. करंट दांडीत खालून वर जाणार. आणि करंट जास्त व्होल्टेजकडून कमीकडं जातो, म्हणून दांडीचं खालचं टोक प्लस.

औसा_बारावी
ताई मी उजवाच लावला होता... थांबा. उजव्या हातात पेन होता. डावाच लावला की मी 🤦

निवृत्त_मास्तर
अरे हे दरवर्षीचंच. तीस वर्षं शिकवलं, पेपरात पोरं उजव्या हातात पेन धरून डावा हात हवेत फिरवतात. पेन खाली ठेव. उजव्या हाताची तर्जनी कागदात खुपसल्यासारखी धर, अंगठा उजवीकडं, मधलं बोट आपोआप वर जातं, कोपर जरा उचलावं लागेल. करंट दांडीतून वर, वरच्या रुळावरून डावीकडं, रेझिस्टरमधून खाली. काट्यांच्या उलट.

आता तुझी चूक तुझी तुलाच कशी सापडली असती ते बघ. तू म्हणालास तसा करंट दांडीत खाली गेला असं धर. आता त्या दांडीवर बल कुठं लागतं ते डाव्या हातानं काढ, इथं डावाच. तर्जनी आत, मधलं बोट खाली, अंगठा उजवीकडं येतो. म्हणजे बल आपण ओढतोय त्याच दिशेला. मग एकदा ढकललं की दांडी आपली आपणच जोरात पळत सुटणार आणि वर रेझिस्टर फुकटात तापणार. असं होत असतं तर लोडशेडिंगचं नावच उरलं नसतं. बल ओढण्याच्या उलट आलं नाही की समजायचं, हात चुकला.

@गोदाकाठची, दिशा बरोबर, टोक चुकलं बाई. इथं दांडी म्हणजेच बॅटरी. बॅटरीच्या आत करंट मायनसकडून प्लसकडं जातो, बाहेर प्लसकडून मायनसकडं. शिवाय इलेक्ट्रॉन खाली ढकलले जातात, ते खालच्या टोकाला साचले म्हणजे खालचं मायनस, वरचं प्लस.

गोदाकाठची
हो की! रेझिस्टरचा नियम मी दांडीला लावला.

औसा_बारावी
सर, e = Blv हे पाठ आहे पण येतं कुठून?

निवृत्त_मास्तर
एक सेकंद मोज. तेवढ्यात दांडी v मीटर सरकते, म्हणजे चौकटीचं क्षेत्रफळ l गुणिले v एवढं वाढतं. त्यातून जाणारा फ्लक्स Blv नं वाढला, आणि सेकंदाला फ्लक्स जेवढा बदलतो तेवढाच ईएमएफ. तुझ्या गणितात 0.4 व्होल्ट, करंट 0.2 अँपियर. बल BIl म्हणजे 0.02 न्यूटन. आता 4 मीटर प्रति सेकंदानं ओढायचं म्हणजे 0.08 वॅट खर्च, आणि रेझिस्टरमध्ये I²R काढ, तेही 0.08. ओढणाऱ्याच्या हातातून गेलं तेच तिथं तापलं. दिशा चुकली तर हा हिशोब कधीच जुळत नाही.

रेझिस्टर काढून टाकला तर 0.4 व्होल्ट तसेच राहतात, पण करंट नाही, म्हणून अडवणारं बलही नाही.

औसा_बारावी
समजलं सर. पण आमच्या क्लासला सांगितलंय की चुंबकीय बल कधीच काम करत नाही, कारण ते वेगाला काटकोनात असतं. मग इलेक्ट्रॉनला दांडीभर ढकलायचं काम केलं कोणी?

गोदाकाठची
मला पण हे कधी पटलं नाही नीट. ओढणारा हात करतो म्हणतात, पण हात तर आडवा ओढतोय आणि इलेक्ट्रॉन उभा चाललाय?

निवृत्त_मास्तर
इलेक्ट्रॉन नुसता उभा चालत नाही, दांडीसोबत आडवाही जातोय, म्हणजे त्याचा खरा वेग तिरका. तिरप्या वेगाला काटकोनात बल काढून त्याचे दोन तुकडे करून बघा, एक दांडीच्या बाजूनं, एक ओढण्याच्या उलट. दोन्हींचं काम मिळून किती येतं ते इथंच लिहा, मी रात्री बघतो.

बोअरवाला
वायरमन उद्या यायलाय. तवर दांडी कोण ओढायलंय ते सांगा.