जपलेली बाटली उघडताना: तुमचे अनुभव

धागाकर्ता: दोन जुने दोस्त, दोघेही सत्तरी ओलांडलेले. पोर्तुगालहून आणलेली 1985 ची व्हिंटेज पोर्ट पुण्यातल्या कपाटात वर्षानुवर्षं आडवी पडून आहे. रविवारी उघडायचं ठरलंय. अशा बाटल्या उघडलेल्यांनी लिहा.

द्राक्षवेल: शुक्रवारीच उभी करा. ही वाइन न गाळताच बाटलीत भरतात, त्यामुळे खालच्या बाजूला गाळ धरलेला असतो. तो तळाशी बसायला दोन दिवस द्या. हिसका बसला की सगळीकडे मिसळतो आणि दाताखाली कचकचतो.

खरी परीक्षा बुचाची. नेहमीचा मळसूत्री ओपनर जुन्या बुचाचा भुगा करतो. दोन पात्यांचा घ्या. लांब पातं आधी, बूच आणि काचेच्या फटीत, मग आखूड. आळीपाळीने दाबत खाली न्या, मग पिळत पिळत वर ओढा. बूच मुळातच सैल असेल तर मात्र याच ओपनरने ते आत ढकललं जातं.

खारा वारा: पोर्ट म्हणजे गोव्याची ना? ती लगेच प्यायची, ठेवून काय होणार? आमच्याकडे जुनी फेणी आहे, तीही आडवी करू का?

बाबूराव: बूच असेल तर काहीही आडवंच ठेवायचं. बूच ओलं राहतं.

द्राक्षवेल: बाबूराव, वाइनपुरतं बरोबर. फेणी, व्हिस्की उभीच ठेवा. एवढा कडक अल्कोहोल बूच खातो. आणि खारा वारा, ही गोव्याची नव्हे, दोउरू खोऱ्यातली. फेणी मात्र काचेत मुरत नाही, भरली तशीच राहते.

काचसामान: मला काळजी पुण्याच्या उन्हाळ्याची. उकाड्यात वाइन फुगते, बूच वर सरकतं. टोपणाखाली चिकट ओघळ आहे का बघा. पातळी मानेपासून खांद्यापर्यंत उतरली असेल तर फार आशा नको. पोर्टमध्ये अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून साध्या वाइनपेक्षा तग धरते, एवढंच.

ओतताना मानेमागे टॉर्च धरा आणि एकाच संथ धारेत जगमध्ये ओता. मध्ये बाटली सरळ केलीत की गाळ उसळलाच. मानेत काळी रेघ दिसली की थांबा. तळाचं अर्धा कप गेलं तर जाऊ द्या. बुचाचे कण पडले तर मलमलीतून गाळा, फक्त फडक्याला साबणाचा वास नको.

बाबूराव: कॉफीचा फिल्टर पेपर जास्त स्वच्छ गाळतो.

काचसामान: गाळतो, पण कागदाची चव उतरते असं मला वाटतं.

द्राक्षवेल: आधी पाण्याने धुऊन घेतला तर नाही उतरत.

धागाकर्ता: पातळी मानेतच आहे, टोपण कोरडं. किती आधी ओतून ठेवू? आणि दोघांपैकी एकाला मधुमेह आहे.

द्राक्षवेल: एक-दोन तास. उरलेली दोनेक दिवसांत संपवा. साखर लिटरला साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे 60 मिलीत सहा. चालेल की नाही ते डॉक्टरांना विचारा.

काचसामान: दोन तास जास्त होतात. इतकी जुनी वाइन ओतल्या ओतल्या चाखायला घ्यावी.